अंगठा सुजतो एकाचा, अपराध सगळ्यांचा

रात्री दोनच्या सुमाराला पायाच्या अंगठ्यात कळ सुरू होते. पहाटेपर्यंत सांधा लालभडक होऊन टरारून सुजतो, अंगावरची चादर लागली तरी जीव कासावीस होतो. सकाळी घरातले जमतात आणि त्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, काय खाल्लेस? बार्शीहून येताना मटण खाल्लेस का? पाव्हण्यांबरोबर बसला होतास का? येरमाळ्यात, कळंबमध्ये, धाराशिवात, साऱ्या मराठवाड्यात गाऊटच्या रोग्याची चौकशी अशीच सुरू होते. आपल्या सामाजिक अपराधाचे मूळ मला याच प्रश्नात दिसते. दुखणाऱ्या माणसाला आपण आधी आरोपी करतो. मग त्याच्या लाजेवर व्यापार करतो. आणि ज्या एका साध्या गोष्टीने तो बरा राहू शकतो ती त्याला कोणी धड सांगत नाही.

या रोगाचे मूळ बहुतेकदा ताटात नसते. शरीरात पेशी झिजतात, नव्या घडतात, त्यातून युरिक ॲसिड तयार होतच राहते. ते बाहेर टाकायचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे. गाऊटच्या बहुसंख्य रोग्यांमध्ये हे टाकणेच कमी पडते, आणि त्यात वाडवडिलांकडून आलेल्या घडणीचा वाटा मोठा असतो. २०१८ साली युरोपीय वंशाच्या हजारो लोकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या युरिक ॲसिडमध्ये जो फरक दिसतो, त्यात कोणत्याही एका आहाराचा वाटा शंभरात एकाहूनही कमी निघाला आणि अनुवंशाचा सुमारे चौथा हिस्सा. दारू, विशेषतः बिअर, तसेच मांस, मासे आणि बाटलीबंद गोड पेये यांनी झटका येऊ शकतो, हे खरे आहे. पण ही ठिणगी झाली. सरपण वर्षानुवर्षे आधीच साठलेले असते.

ते साठते कसे? रक्तात युरिक ॲसिडचे प्रमाण साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते विरघळलेले राहू शकत नाही. काकवीची बरणी थंडीत ठेवली की तळाशी साखरेचे खडे धरतात, तसेच हे क्षार सांध्यात सुईसारखे स्फटिक होऊन बसतात. पायाचा अंगठा शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड, म्हणून तिथे ते आधी धरतात. एखाद्या रात्री शरीराच्या पांढऱ्या पेशी त्या सुयांवर तुटून पडतात, तोच झटका. आणि पुढची गोष्ट समजल्याशिवाय या रोगातला कोणताच फसवा व्यवहार समजणार नाही. हा झटका काहीही केले नाही तरी आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो.

या ओसरण्यावर आपल्याकडे किती जणांची पोटे भरली! कोणी पुडी देतो, कोणी लेप, कोणी माळ, कोणी सुई. दहाव्या दिवशी सूज उतरते आणि श्रेय शेवटी हात लावणाऱ्याला मिळते. अलीकडे या रांगेत एक नवी बाटली आली आहे, आंबट चेरीच्या अर्काची. मुंबई-पुण्यातला मुलगा ऑनलाइन मागवून गावाकडच्या वडिलांना पाठवतो. परदेशातला भाचा येताना दोन डबे आणतो. एक गोळी सकाळी, एक रात्री, युरिक ॲसिड उतरते आणि झोपही लागते, असे सांगितले जाते. खोटे बोलावे असा त्या मुलाचा हेतू नसतो. तरी त्याच्या प्रेमाला माहितीची जोड नाही, आणि ती देण्याची जबाबदारी ज्यांची आहे ते गप्प आहेत.

ही चेरी कोणती ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे तिची ओळखच नाही. केकवर आणि मसाला पानात जी लाल चेरी दिसते ती बहुतेकदा करवंद असते, साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात जाळ्यांवर येते तेच. औषधी म्हणून विकली जाणारी मॉन्टमोरेन्सी जातीची आंबट चेरी अमेरिका-युरोपच्या थंड प्रदेशांत होते. तिच्यात लाल-जांभळी रंगद्रव्ये भरपूर असतात आणि ती प्रयोगशाळेत सूज आणणाऱ्या काही क्रिया मंदावतात. करवंदाने किंवा जांभळाने गाऊटवर असाच गुण येतो, असे माणसांवरच्या नीट चाचणीने दाखवलेले नाही. तेव्हा कोणी उद्या करवंदाची पुडी याच नावाने विकू लागला तर त्यालाही हाच प्रश्न विचारायचा.

चेरीची कथा सुरू झाली १९५० साली. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ब्लाउ नावाच्या गृहस्थांनी १२ रोग्यांना चेरी खायला देऊन आराम पडल्याचे लिहिले. तुलनेला दुसरा गट नव्हता. मग २०१२ साली बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी गाऊटच्या ६३३ रोग्यांची वर्षभर ऑनलाइन नोंद ठेवली. ज्या दोन दिवसांत चेरी खाल्ली गेली त्यांच्यामागून झटका येण्याचा धोका ३५ टक्क्यांनी कमी दिसला. चेरीबरोबर ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड कमी करणारी गोळीही चालू होती तेव्हा तो ७५ टक्क्यांनी कमी दिसला. विक्रेते यातला पहिला आकडा मोठ्याने सांगतात आणि दुसऱ्या आकड्यातली गोळी गिळून टाकतात. शिवाय ही नुसती नोंद होती. ज्या दिवशी माणूस आठवणीने फळ खातो त्या दिवशी तो पाणीही जास्त पितो, दारू टाळतो, गोळी चुकवत नाही. गुण फळाचा की त्या शिस्तीचा, हे नोंदींवरून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

ते वेगळे काढण्यासाठी चाचणी लागते. न्यूझीलंडमध्ये लिसा स्टॅम्प आणि सहकाऱ्यांनी ती केली. गाऊटच्या ५० रोग्यांना, त्यातले निम्मे ॲलोप्युरिनॉल घेणारे, २८ दिवस दिवसातून दोनदा आंबट चेरीचा घट्ट रस दिला. मात्रा वेगवेगळ्या होत्या, एका वेळी साडेसात मिलिलिटरपासून तीस मिलिलिटरपर्यंत, आणि एका गटाला नुसता दिसायला तसाच द्रव. निष्कर्ष असा की कोणत्याही मात्रेने रक्तातले युरिक ॲसिड उतरले नाही आणि लघवीतून ते जास्त बाहेरही पडले नाही. २८ दिवसांचा काळ झटक्यांच्या संख्येबद्दल शेवटचा शब्द बोलायला अपुरा आहे, एवढे चेरीच्या बाजूने म्हणता येईल. सूज आणणारी आग ती थोडी मंदावत असेल, ही शक्यता मी नाकारत नाही. पण सांध्यातले खडे ती विरघळवते, असे म्हणणाऱ्याकडे पुरावा नाही. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत पाहा. भारतात अशा पूरक पदार्थांच्या लेबलवर हे औषधी वापरासाठी नाही, असे छापावेच लागते. मागे एक छापायचे आणि तोंडाने दुसरे विकायचे, हा खोटेपणा आपल्या डोळ्यांदेखत चालतो.

झोपेचेही तसेच. २०१२ साली इंग्लंडमध्ये २० निरोगी माणसांना सात दिवस दोन वेळा तीस मिलिलिटर घट्ट रस दिला, तेव्हा त्यांची झोप अर्ध्या तासाच्या आसपास वाढली. निद्रानाशाच्या वयस्क रोग्यांवर झालेले प्रयोग याहूनही लहान होते. कारण म्हणून मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाचे नाव घेतले जाते. हिशेब करून पाहा. एक ग्रॅम मॉन्टमोरेन्सी चेरीत ते सुमारे १३ नॅनोग्रॅम सापडते. बाजारात मिळणाऱ्या ३ मिलिग्रॅमच्या एका गोळीइतके हवे असेल तर सव्वादोनशे किलोंहून जास्त चेरी खावी लागेल. तेव्हा थोडी झोप सुधारली तर तिचे कारण बहुधा वेगळे आहे. आणि गाऊटच्या रोग्याची झोप मोडते ती मुळात ठणक्याने, रात्री घेतलेल्या दारूने, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीने किंवा घोरताना श्वास अडकण्याने. या घोरण्याचा आणि गाऊटचा संबंध अभ्यासात दिसला आहे. नवरा झोपेत श्वास थांबून दचकतो, हे बायकोला वर्षानुवर्षे माहीत असते. तिला ते आजवर कोणत्या डॉक्टरने विचारले?

आता एक माणूस डोळ्यांपुढे आणा. कल्पनेतलाच, पण सोलापूर-धुळे महामार्गावरच्या प्रत्येक गावात भेटेल असा. वय ५४, चौकाजवळ छोटे हॉटेल, दिवसभर भट्टीसमोर उभा, पाणी कमी, चहा जास्त. वर्षाला चार झटके. बीपीची गोळी चालू आहे आणि त्या जोडगोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध आहे, जे युरिक ॲसिड वाढवते. हे त्याला कोणी सांगितलेले नाही. झटका आला की तो मेडिकलवर जातो. डायक्लोफिनॅकची गोळी किंवा सुई मिळते, दोन दिवसांत चालू लागतो. त्याचे क्रिएटिनिन १.५ आहे, म्हणजे मूत्रपिंडे आधीच दमली आहेत आणि ही वेदनाशामके त्यांना आणखी मारतात, हेही कोणी सांगितलेले नाही. कोणी तरी पुडी देतो, तिनेही झटकन उतरते. पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. त्याने साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक सोडली तर जिवावर बेतू शकते.

या माणसावर खरा उपचार कसा होतो ते सांगतो, कारण तो गुप्त नाही, अवघडही नाही. झटक्याच्या वेळी युरिक ॲसिड कधी कधी खोटेच सामान्य येते, म्हणून झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी ते पुन्हा तपासायचे. समजा ९.४ आले. वर्षाला दोन किंवा अधिक झटके येणाऱ्याला कायमची गोळी द्यावी, असे अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेचे २०२० सालचे मार्गदर्शन आहे. ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून, आणि मूत्रपिंडे दमलेली असतील तर त्याहूनही कमी मात्रेपासून सुरू होते. दोन ते पाच आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा हळूहळू वाढवायची, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत. शंभरावर ८.१, दोनशेवर ७, तीनशेवर ५.८, असा तो उतरत जाऊ शकतो. ५.८ ला पोहोचलेला माणूस बरा झालेला नसतो. तिथून पुढे त्याच्या सांध्यातले खडे विरघळू लागतात, आणि त्याला महिने, कधी वर्षे लागतात. बीपीची गोळी बदलता येईल का, हेही डॉक्टरांना विचारायचे. लोसार्टन हे बीपीचे औषध युरिक ॲसिड थोडे कमीच करते.

आणि इथेच घात होतो. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण खडे सुटू लागतात. यासाठी पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनची लहान मात्रा देतात. पण येरमाळ्याच्या हॉटेलवाल्याला हे न सांगताच गोळी दिली, तर तिसऱ्या आठवड्यात अंगठा सुजल्यावर तो काय समजेल? गोळीने वाढले! शेजारी सांगतील, इंग्रजी औषध उष्ण पडते, सवय लागते, सोडून दे. तो सोडतो. मुलाने पाठवलेली चेरीची बाटली सुरू करतो. दहा दिवसांनी झटका, जो ओसरणारच होता, तो ओसरतो. चेरीचा जयजयकार होतो, आणि आत आकडा पुन्हा ९ कडे चढत असतो. माझा आरोप चेरीवर नाही. ज्याने चिठ्ठी लिहिली आणि त्या झटक्याबद्दल दोन वाक्ये बोलली नाहीत, त्याच्यावर आहे. ज्याने ऐकीव गोष्टीवर शेजाऱ्याची गोळी बंद करवली, त्याच्यावरही तितकाच.

कोल्चिसिनबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण ते मेडिकलवर सहज मागितले जाते आणि त्याच्या उपयोगाची आणि विषाची सीमा फार जवळ आहे. झटक्याला साधारण १ मिलिग्रॅम आणि तासाभराने अर्धा, एवढीच मात्रा पुरते. मूत्रपिंडे दमली असतील तर ती आणखी कमी करावी लागते. दुखते म्हणून दर दोन तासांनी एक गोळी घेत राहण्याने माणसे दगावली आहेत. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत असेल तर नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते. जुलाब, उलटी, पोटात कळ ही पहिली खूण. आता चेरीचा घट्ट रस पाहा. त्यात सॉर्बिटॉल नावाची साखर असते आणि तिने काहींचे पोट सैल होते. दोन्ही एकत्र घेणारा जुलाबांना चेरीचा परिणाम समजून कोल्चिसिन चालूच ठेवतो. कोल्चिसिनवर असताना जुलाब लागले तर ते थांबवून दवाखान्यात जायचे, कारण शोधत बसायचे नाही. मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट. तीस मिलिलिटर घट्ट रसात वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, दिवसातून दोनदा म्हटले तर चाळीस, आणि त्यातला फ्रुक्टोजचा भाग युरिक ॲसिड वाढवणाऱ्यांपैकीच आहे. कॅप्सूलमध्ये साखर नसते, पण चाचण्यांतल्या रसाइतके तिच्यात काही असते का, हे एका कंपनीपासून दुसऱ्या कंपनीपर्यंत बदलते.

दुसरा आरोप तपासणी शिबिरांवर आणि पॅकेजवर. एका रक्ताच्या नमुन्यात तीस-चाळीस आकडे छापून येतात, युरिक ॲसिड ७.४ पुढे तारा येतो, आणि ज्याचा अंगठा जन्मात सुजलेला नाही त्याला फेबुक्सोस्टॅट सुरू होते. लक्षण नसताना नुसता आकडा खाली आणायला ही औषधे देऊ नयेत, असेच ते २०२० चे मार्गदर्शन सांगते. फेबुक्सोस्टॅटबद्दल २०१८ साली हृदयविकाराच्या रोग्यांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ॲलोप्युरिनॉलच्या तुलनेत हृदयरोगाने मृत्यू जास्त दिसले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठळक इशारा दिला. २०२० च्या युरोपीय प्रयोगात तसा धोका आढळला नाही. म्हणजे ज्याला गाऊट आहे आणि ॲलोप्युरिनॉल चालत नाही त्याच्यासाठी हे औषध उपयोगी आहे, आणि हृदयविकार असलेल्याने ते विचारूनच घ्यायचे. पण निरोगी माणसाला कागदावरच्या ताऱ्यासाठी ते घालणे हा वैद्यकीचा धर्म नाही.

त्याच ताऱ्यामुळे आणखी एक अन्याय होतो आणि तो स्त्रियांवर जास्त. युरिक वाढले, डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. ज्या घरात मांस महिन्यातून एकदा शिजते, त्या घरातल्या बाईच्या ताटातून तूर आणि उडीद काढून घेतले तर तिच्या शरीराला प्रथिने कुठून मिळायची? २००४ साली अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीत मांस-माशांनी गाऊटचा धोका वाढलेला दिसला. प्युरीन जास्त असलेल्या भाज्या आणि डाळींनी तो वाढला नाही, आणि दुधा-दह्याने कमी झाला. आमच्या जिल्ह्यात तूर पिकते, दूध-ताक घरोघर आहे. तेच वर्ज्य करून परदेशी फळाचा अर्क शेकडो रुपयांना विकत घ्यायला लावणारी आरोग्यशिकवण कोणाच्या हिताची आहे?

शक्य असेल त्याने चेरी खावी, रसाचे दोन घोट घ्यावे, झोपेला थोडा गुण आला तर आनंद आहे. गोळी चालू ठेवून, साखर मोजून घ्यावी. ॲलोप्युरिनॉल आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, जनौषधी दुकानातही मिळते, तिचा दिवसाचा खर्च चेरीच्या बाटलीपुढे किरकोळ आहे. महाग पडते ते वेगळेच. दर महिन्याला कळंबला जाऊन रक्त देणे, बुडालेली मजुरी, आणि आकडा पाहून मात्रा वाढवणारा माणूस न भेटणे. सरकारी दवाखान्यात बीपी आणि साखरेची नोंदवही असते. तिच्यातच गाऊटच्या रोग्याचे युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन लिहायला एक रकाना पुरेल. ग्रामसभेत रस्त्याची आणि पाण्याची मागणी करणारे आपण ही मागणी कधी केली?

आणि घराघरात काही गोष्टी माहीत हव्यात. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यानंतर, विशेषतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत, अंगावर पुरळ उठले, ताप आला, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले, तर गोळी त्याच दिवशी बंद करून रुग्णालय गाठायचे. हे क्वचित होते, पण झाले तर जीवघेणे असते, आणि मूत्रपिंड दमलेल्यात व मोठ्या मात्रेने सुरुवात केलेल्यात जास्त. ज्याला दुसऱ्या आजारासाठी ॲझाथायोप्रीन चालू आहे त्याने ही गोळी किंवा फेबुक्सोस्टॅट परस्पर घेऊच नये, रक्त तयार करणारी मज्जा बंद पडते. पुरळ नसेल, तर नुसता झटका आला म्हणून चालू असलेली गोळी मधेच सोडायची नाही. आणि सुजलेल्या सांध्याबरोबर थंडी वाजून ताप असेल तर त्याला गाऊट समजून घरी शेकत बसू नका. सांध्यात जंतूंचा पू झालेला असू शकतो, आणि तो काही दिवसांत सांधा कायमचा खातो. अशा वेळी बाटली, पुडी, सुई यांपैकी काहीही न घेता त्याच रात्री रुग्णालयात न्यायचे.